चिंतनात्मक नोंदीत ‘मी’ कुठे हरवतो? बी.एड.च्या आंतरवासितेतल्यांसाठी तपासणी

पाठाच्या नोंदीचा कच्चा मसुदा बहुतेकदा असा असतो:

‘आज सातवीत अपूर्णांकांचा पाठ घेण्यात आला. मी फळ्यावर तीन आकृत्या काढल्या होत्या. मागच्या बाकावरची मुलं वहीत काहीच लिहीत नाहीत. अशा वेळी आपण गोंधळून जातो. मग उदाहरण बदललं.’

आधी पुरुष तपासा, काळ नंतर. कर्ता दुरुस्त केला की क्रियापदही बदलतं, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा पडतं.

फाइलमध्ये ‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘ण्यात’ हे तीन शब्द शोधा. ‘ण्यात’ने ‘घेण्यात आला’ पकडलं जातं (‘पाण्यात’ही सापडेल, ते सोडा). ‘आपण गोंधळून जातो’ म्हणताना लिहिणारा स्वतःची अडचण सगळ्यांच्या नावावर टाकतो. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. ‘आम्ही’ मात्र सहाध्यायांसोबत खरंच मिळून केलेल्या कामाला चालतं.

शोधून न सापडणारी चूक वेगळी. ‘प्रश्न विचारले’, ‘उदाहरण बदललं’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून कर्ता गळला तरी वाक्य खटकत नाही. ‘विद्यार्थी गप्प झाले. गोंधळले.’ असं एखादीने लिहिलं, तर कोण गोंधळलं, विद्यार्थी की ती? म्हणून प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ विचारा. उत्तर आधीच्या वाक्यातून निःसंशय मिळत नसेल तर ‘मी’ लिहा. मिळत असेल तर नको. दर वाक्यात ‘मी’ आला की नोंद कंटाळवाणी होते.

आता काळ. मसुदा छापून प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात ती गोष्ट कधीची ते लिहा: ‘आधी’, ‘तासात’, ‘आता’, ‘पुढे’. तासात घडलेलं साध्या भूतकाळात, आणि जे चालू होतं ते ‘लिहीत नव्हती’ असं. ‘काढल्या होत्या’ फक्त तासापूर्वीच्या कामाला. आकृत्या तास सुरू असताना काढल्या असतील तर ‘काढल्या’ पुरे. आजचं मत वर्तमानात. ‘छेद समान नसतील तर थेट बेरीज होत नाही’ हा नियम आहे, त्याला भूतकाळात ओढू नका. मुलांचं अवतरणातलं बोलणंही जसंच्या तसं ठेवा.

दुरुस्त नोंद:

‘आज मी सातवीत अपूर्णांकांचा पाठ घेतला. फळ्यावर तीन आकृत्या काढल्या. मागच्या बाकावरची मुलं वहीत काहीच लिहीत नव्हती. ते पाहून मी गोंधळले आणि उदाहरण बदललं. पूर्वज्ञान आधी तपासायला हवं होतं, असं आता वाटतं. पुढच्या पाठात सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारीन.’

शेवटची दोन वाक्यं कच्च्या मसुद्यात नव्हतीच. समासात ‘आता’ आणि ‘पुढे’ एकदाही आलं नाही, यावरूनच ती उणीव दिसते. तोवर लिहिलेलं असतं ते निव्वळ पाठाचं वर्णन.