स्क्रीनवर ११२, हिशेबात ११४.४०: मार्केट ऑर्डर टाकताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात माझा मावसभाऊ मोबाईल नाचवत आला. "दादा, ११२ भाव चालू हुता, ३०० शेअर घेतले, आणि पडले ११४.४० ला. ॲपनं गंडवलं बघ."

ॲपनं काही केलं नव्हतं. ११२ हा शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. गुजरीत चांदी घ्यायला गेलं की एक भाव आणि मोडायला गेलं की दुसरा, हे आपल्याला ठाऊक असतं. बाजारातही तसंच: घेणाऱ्यांनी लावलेला सगळ्यात चढा भाव म्हणजे बिड, विकणाऱ्यांनी लावलेला सगळ्यात उतरता भाव म्हणजे आस्क, आणि मधली फट म्हणजे स्प्रेड. मार्केट ऑर्डर टाकली की समोरच्या रांगेतला माल स्वस्तापासून वर उचलला जातो, तुमची संख्या भरेपर्यंत.

त्याच्या ऑर्डरच्या वेळी विकणाऱ्यांची रांग अशी होती:

११२.४० ला ४०
११२.९० ला ६०
११४.०० ला १००
११६.५० ला ३००

पहिल्या तीन पायऱ्या रिकाम्या करून उरलेले १०० त्याने ११६.५० ला उचलले. एकूण ३४,३२० रुपये, सरासरी ११४.४०.

खरी गंमत पुढे आहे. शेवटचा सौदा आता ११६.५० चा, म्हणून ॲप त्याला ६३० रुपये नफा दाखवत होतं! त्या हिरव्या आकड्यावर पठ्ठ्या खूशही झाला होता. पण घेणारे होते १११.२० ला १५० आणि ११०.८० ला २००. लगेच विकले असते तर हातात आले असते ३३,३००, म्हणजे दलाली-कर धरायच्या आधीच १,०२० रुपयांचा फटका. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये नफा बघायचा तो बिडवर.

यावर उपाय लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव आधीच बांधून टाकलेली ऑर्डर. ११२.९० ची लिमिट लावली असती तर १०० शेअर लगेच मिळाले असते आणि उरलेले २०० त्याच भावाला रांगेत उभे राहिले असते. ते मिळतीलच याची खात्री नाही, ही त्याची किंमत. ऑर्डर टाकण्याआधी डेप्थ उघडा. तिथे दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाव दिसतात. आपली संख्या पहिल्या दोन पायऱ्यांत मावत नसेल तर मार्केट ऑर्डर नकोच.

लिमिट लावल्यावर दर दोन मिनिटांनी ती चाळवू नका. आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला, असा रांगेचा नियम असतो. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की नंबर जातो आणि त्या भावाच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. संख्या कमी केली तर साधारणपणे जागा टिकते.

डेप्थच्या तळाशी घेणाऱ्यांनी मागितलेल्या शेअरची एकूण संख्या मोठी दिसली म्हणून हुरळायचं कारण नाही. त्यातल्या बऱ्याच ऑर्डरी खूप खालच्या भावाला असतात, आणि कुठलीही ऑर्डर सौदा होण्याआधी काढून घेता येते.

भावाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग आता विकू काय?" बिड तेव्हा १११ वर होती. विकायचंच असेल तर लिमिट लावूनच, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.