अन्नजाळे आणि १० टक्क्यांचा नियम : गणितात या चुका टाळा

परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाच्या प्रश्नात आकडेमोड चौथीतल्या मुलालाही जमेल इतकी सोपी असते, तरी गुण जातात. बहुतेक वेळा गुणाकार बरोबर असतो, पण तो कशाचा करायचा आणि किती वेळा, इथे गडबड होते. एकच प्रश्न घेऊन पाहू.

भाताच्या खाचरातल्या रोपांमध्ये 40,000 किलोज्यूल ऊर्जा साठलेली आहे. नाकतोडे भात खातात, बेडूक नाकतोडे खातात. उंदीरही भात खातात. धामण बेडूक आणि उंदीर दोन्ही खाते आणि सर्पगरुड धामणीला उचलतो. सर्पगरुडापर्यंत किती ऊर्जा पोहोचेल? धामण कोणत्या पोषण पातळीवर आहे?

बाण उलटा पडतो

गणिताआधी आकृती काढायची, आणि पहिली चूक तिथेच होते. ‘धामण उंदराला खाते’ हे वाक्य धामणीपासून सुरू होतं, म्हणून बाणही धामणीकडून उंदराकडे निघतो. पण बाण ऊर्जेचा असतो, हल्ल्याचा नव्हे. ऊर्जा उंदराकडून धामणीत जाते, म्हणून बाणाचं टोक धामणीकडे हवं. काढलेली आकृती तपासताना प्रत्येक बाण ‘च्या पोटात जातो’ असा वाचा : भात नाकतोड्याच्या पोटात जातो, नाकतोडा बेडकाच्या पोटात जातो. वाचताना ‘धामण उंदराच्या पोटात जाते’ असं काही आलं की बाण उलटा आहे.

10 टक्के उरतात, 10 टक्के जात नाहीत

‘ऊर्जेचा ऱ्हास’ हा शब्द प्रश्नात दिसला की काही मुलं 40,000 मधून 10 टक्के वजा करतात आणि नाकतोड्याला 36,000 देऊन मोकळी होतात. नियम उलटा आहे : पुढच्या पातळीत सुमारे 10 टक्के पोहोचतात, 90 टक्के पोहोचत नाहीत. ही चूक उत्तरपत्रिकेत लगेच ओळखता येते. दर पायरीला आकड्यातलं एक शून्य गळायला हवं. सर्पगरुडाच्या नावापुढे पाच अंकी संख्या दिसली तर मागे जाऊन पाहा.

आता किती वेळा भागायचं? नाकतोड्याच्या वाटेवर भात, नाकतोडा, बेडूक, धामण, सर्पगरुड अशी पाच नावं आहेत, म्हणून पाचदा भागलं जातं आणि उत्तर 0.4 येतं. मोजायचे ते सजीव नव्हेत, बाण. पाच सजीवांत बाण चारच : 40,000 → 4,000 → 400 → 40 → 4. दिलेली ऊर्जा भातात आधीच साठलेली आहे, त्यामुळे भातासाठी काही कापायचं नाही. ‘वनस्पतींवर पडणारा सूर्यप्रकाश’ असा शब्द असेल तरच एक पायरी वाढते, आणि ती 10 टक्क्यांची नसून साधारण 1 टक्क्याची असते. 40,00,000 किलोज्यूल सूर्यप्रकाश दिला असता, तर भातात आले असते 40,000. प्रश्नातलं पहिलं वाक्य घाईत वाचणाऱ्यांचा इथे शंभरपटीने घोटाळा होतो.

दोन वाटांची बेरीज

उंदराच्या वाटेवर बाण तीनच आहेत : 40,000 → 4,000 → 400 → 40. वाट लहान म्हणून सर्पगरुडाला दहापट मिळालं. इथवर अनेक जण बरोबर येतात आणि मग 40 अधिक 4 म्हणजे 44 असं उत्तर लिहितात. हे चूक आहे. एकच भात दोनदा खाल्ला गेला, असा त्याचा अर्थ होतो. सगळे 40,000 नाकतोड्यांच्या वाटेलाही लावले आणि उंदरांच्या वाटेलाही. खाचर एकच आहे ना! निम्मा भात नाकतोड्यांच्या वाटेने आणि निम्मा उंदरांच्या वाटेने गेला असं धरलं, तर प्रत्येक वाट 20,000 पासून सुरू होईल. मग नाकतोड्यांच्या वाटेने 2, उंदरांच्या वाटेने 20, एकूण 22 किलोज्यूल. वाटणी प्रश्नात दिली नसेल तर दोन उत्तरं वेगवेगळी लिहावीत : ‘फक्त या वाटेने गेल्यास 4, फक्त त्या वाटेने गेल्यास 40’. बेरीज करू नये.

धामणीच्या पातळीचा प्रश्नही इथेच सुटतो. उंदीर खाल्ला तेव्हा ती तिसऱ्या पातळीवर, बेडूक खाल्ला तेव्हा चौथ्या. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि दोन्ही लिहायला हवीत. अन्नसाखळीत प्रत्येकाला एक जागा असते, अन्नजाळ्यात तशी सक्ती नाही. आणखी एक ठेच लागते ती नावांमुळे. उत्पादक पहिल्या पातळीवर असल्याने प्राथमिक भक्षक दुसऱ्या पातळीवर येतो आणि द्वितीयक भक्षक तिसऱ्या. ‘द्वितीयक’ वाचून ‘दुसरी पातळी’ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

उरलेले 90 टक्के कुठे गेले?

‘ऊर्जा नष्ट होते’ असं कारण लिहिलं की तपासणाऱ्याची लाल शाई उठते, आणि योग्यच आहे, कारण ऊर्जा नष्ट होत नाही. नाकतोड्यांनी सगळं रोप खाल्लेलं नसतं, खाल्लेल्यातलं सगळं पचत नाही आणि जे पचतं त्यातलं बरंचसं श्वसनातून, हालचालीतून उष्णतेच्या रूपात बाहेर पडतं. न खाल्लेला आणि न पचलेला भाग विघटकांकडे जातो. उष्णता मात्र परत वनस्पतींच्या उपयोगी पडत नाही. म्हणून विघटकांकडून भाताकडे काढलेला बाण पोषकद्रव्यांचा असू शकतो, ऊर्जेचा नाही. नायट्रोजन, फॉस्फरस फिरून येतात, ऊर्जा एकाच दिशेने जाते.

हा ऱ्हास शाकाहाऱ्यांपासून सुरू होतो, असाही समज असतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर हॉवर्ड ओडम यांनी केलेल्या मोजमापात (1957) तो खोडला जातो. तिथे वनस्पतींनी वर्षभरात दर चौरस मीटरला 20,810 किलोकॅलरी ऊर्जा अन्नात साठवली आणि त्यातली 11,977 स्वतःच्याच श्वसनात वापरली. वनस्पतीही श्वास घेतात, हे मुलांना पाठ असतं, पण गणितात आठवत नाही.

त्याच झऱ्यात शाकाहाऱ्यांकडे 3,368, त्यांना खाणाऱ्यांकडे 383 आणि सर्वोच्च भक्षकांकडे 21 किलोकॅलरी पोहोचली. भागाकार करून पाहा : सुमारे 16 टक्के, मग 11, मग साडेपाच. दहा कुठेच नेमकं नाही. रेमंड लिंडेमन यांनी 1942 मध्ये मिनेसोटातल्या एका तळ्याच्या अभ्यासातून मांडलेल्या विचारातून हा नियम पुढे आला. तो सरासरीचा अंदाज आहे, गुरुत्वाकर्षणासारखा ठाम नियम नव्हे. त्यामुळे प्रश्नात प्रत्येक पातळीचे आकडे दिले असतील, तर त्यावर 10 टक्के लादू नका. वरच्या आकड्याला खालच्या आकड्याने भागून 100 ने गुणा आणि येईल ते लिहा. 16.2 आलं म्हणून खोडून 10 करणारी मुलं बरोबर उत्तर हातचं घालवतात.

उलटा प्रश्न आला तर? ‘सर्पगरुडाला 5 किलोज्यूल मिळाले, भातात किती असेल?’ पुन्हा बाण मोजा आणि या वेळी दर बाणाला दहाने गुणा. उंदराच्या वाटेने 5,000, बेडकाच्या वाटेने 50,000. कोणती वाट धरली, हे उत्तराशेजारी एका ओळीत लिहा, नाहीतर बरोबर आकडाही अर्धाच ग्राह्य धरला जाऊ शकतो.