फोटोतल्या टॉवरांवरून शहर कसं ओळखावं

कॅप्शन वाचू नका, फोटो मोठा करा. हे झालं की खरं काम सुरू होतं. आणि सर्वात उंच इमारत शोधायला जाऊ नका. हा सल्ला जो तो देतो आणि तोच सर्वात जास्त फसवतो. कॅमेऱ्याजवळचा चाळीस मजली टॉवर मागच्या सत्तर मजल्यांच्या टॉवरला सहज झाकून टाकतो. लांब लेन्स असली तर पुढचं-मागचं एका रांगेत येऊन बसतं.

आधी इमारतींची डोकी बघा. काही डोकी एका नजरेत शहर सांगतात. बाटली उघडायच्या ओपनरसारखं चौकोनी भोक दिसलं तर बहुधा शांघाय. मधे पूल असलेले जुळे टॉवर दिसले तर क्वालालंपूर. मुंबईत अशी डोकी फार कमी आहेत. आपल्याकडचे बहुतेक टॉवर राहण्याचे, त्यांचा माथा सपाट, त्यावर पाण्याच्या टाक्या आणि लाल दिवा. अपवाद ताडदेवच्या इम्पीरियलचा: हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचे 2010 मधले दोन टॉवर, वर निमुळती टोकं. झोपडपट्टी पुनर्विकासाच्या जागेवर ते उभे आहेत. तेवढी जोडी दिसली तर निम्मं काम झालं.

ती दिसली नाही की मग पुंजके वाचायचे, आणि मी इथेच तोंडावर पडलो होतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. समुद्र, वळणदार रस्ता, काठाला गॅलऱ्यांचे फिक्या रंगाचे टॉवर. मी छातीठोकपणे लिहिलं, "वरळी". तो पनामा सिटीचा निघाला. पहिल्या मजल्यावरचे काका अजून जिन्यात भेटले की "काय, वरळीला जाऊन आलात का?" विचारतात.

मी काय बघायला हवं होतं? सर्वात आधी, रस्त्याला लागून काय उभं आहे ते. आपल्या मरीन ड्राइव्हच्या वळणावर पुढची रांग पाच-सहा मजल्यांच्या आर्ट डेको इमारतींची आहे. 2018 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. टॉवर दिसतात ते लांब, मलबार हिलवर आणि ताडदेवकडे. पनामात किनाऱ्याच्या रस्त्यापलीकडे थेट टॉवरच सुरू होतात. म्हणजे समुद्राच्या वळणाला चिकटून टॉवरांची भिंत दिसली तर तो मरीन ड्राइव्ह नाही.

मग उरते वरळी. तिथे बघायचे ते मधले खड्डे. परळ, लोअर परळ, वरळी हा गिरण्यांचा पट्टा. 1982 च्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि एकेका गिरणीची जमीन वेगवेगळ्या वेळी विकासाला निघाली. त्यामुळे टॉवर तुकड्या-तुकड्यांत उगवले आणि मधल्या चाळी, जुन्या इमारती तशाच राहिल्या. फोटोत हे दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं: एक पुंजका, मग बुटका पट्टा, मग दुसरा पुंजका. शांघायसारखं एका जागी शिखर इथे नाही. आणखी उत्तरेकडे वांद्रे-कुर्ला संकुलात विमानतळामुळे उंचीवर मर्यादा आहे, म्हणून काचेच्या ऑफिसांचा घोळका साधारण एकाच उंचीवर कापल्यासारखा दिसतो.

त्या फोटोत हा खड्डा कुठेच नव्हता, सलग भिंत होती. आणि मागच्या रांगेत हिरव्या काचेचा, पिळलेल्या स्क्रूसारखा टॉवर. तिथले लोक त्याला स्क्रूच म्हणतात, एल तोर्निओ. बाजूच्या टोकाला वेगळा पुंजका, त्यात शिडाच्या आकाराची उंच इमारत. या दोन खुणा एकत्र मिळाल्या की पनामाच. मी मात्र समुद्र आणि गॅलऱ्या बघून थांबलो होतो. एका खुणेवर कधीच थांबू नये. दोन इमारती आणि त्यांचा क्रम जुळल्याशिवाय शहराचं नाव घेऊ नये.

क्रम का, तर फोटो उलटा असू शकतो. नरिमन पॉइंटवरून उत्तरेकडे बघताना समुद्र डावीकडे, मलबार हिल डावीकडे समोर आणि इम्पीरियलची टोकं तिच्या उजवीकडे येतात. हे अदलाबदल झालं असेल तर कोणीतरी फोटो आरशासारखा फिरवलाय. फोटोत पाटी असेल तर तिची अक्षरं बघा, वाद मिटतो.

शेवटी गूगल अर्थच्या त्रिमितीय दृश्यात त्याच जागी जाऊन उभं राहा आणि क्रम ताडून बघा. फोटो जुना असेल तर तिथले नवे टॉवर त्यात नसतील, म्हणून जे दिसतंय ते जुळवा, जे गायब आहे त्यावरून नाही म्हणू नका. उलट गायब गोष्टींवरून काळ कळतो: वांद्र्याहून वरळीकडे बघताना समुद्रावर पूल नसेल, तर फोटो 2009 च्या आधीचा आहे. हिवाळ्यातल्या सकाळच्या धुरक्यात मात्र मागची रांग दिसतच नाही. असा फोटो मी हातात घेत नाही.