चॅनेल दुप्पट झाले, पॉवर तेवढीच राहिली

डीडब्ल्यूडीएमच्या, म्हणजे एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक चॅनेल पाठवण्याच्या कामात नव्याने आलेल्यांना मी एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो: फायबरमधली एकूण पॉवर वेगळी आणि दर चॅनेलमागची पॉवर वेगळी. ही गोष्ट मी एका रात्री बॅकबोनवर चॅनेल वाढवताना शिकलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. फायबरच्या एकाच जोडीतून अनेक लेझर चालवता येतात, फक्त प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी हवी. ठरलेल्या ग्रिडवर हे चॅनेल ५० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे साधारण ०.४ नॅनोमीटरच्या अंतराने बसतात. असे ८० चॅनेल बसवले आणि प्रत्येकावर १०० गिगाबिट चालवले, की त्याच जोडीतून सेकंदाला ८ टेराबिट जातात. जमिनीतली केबल तीच राहते, नवी कार्डं लागतात ती दोन्ही टोकांना. आणि हे परवडतं ते अर्बियमच्या ॲम्प्लिफायरमुळे. साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला सगळा प्रकाश तो एकदम वाढवतो, एकेका चॅनेलचं विजेत रूपांतर करावं लागत नाही. पण ॲम्प्लिफायर सामायिक आहे, म्हणून एका चॅनेलला केलेला बदल शेजाऱ्यांपर्यंत पोचतो.

आमच्या लिंकवर साधारण ८० किलोमीटरचे १० टप्पे होते आणि ८ चॅनेल चालू होते. त्यांत आणखी ८ घालायचे होते. नवी कार्डं बसवली, सगळे चॅनेल एका फायबरमध्ये एकत्र करणाऱ्या मक्सला जोडली आणि लेझर एकामागून एक चालू केले. नवे चॅनेल पलीकडे दिसू लागले. आम्ही आवराआवर करत होतो, तेवढ्यात जुन्या चॅनेलवरच्या चुका वाढल्या. रिसीव्हरमधली एफईसी यंत्रणा चुका आपोआप दुरुस्त करते. त्या दुरुस्तीनंतरचा आकडा अजून शून्यच होता, म्हणून ट्रॅफिक तुटलं नव्हतं. एफईसीपूर्वीचा आकडा मात्र चढत होता. नव्या माणसाने नजर ठेवावी ती याच आकड्यावर, कारण दुरुस्तीनंतरच्या आकड्यात दोष दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

मी एकेका ठिकाणचे आकडे तपासले. मधल्या सगळ्या ॲम्प्लिफायरचं इनपुट, आउटपुट, गेन कालच्यासारखंच होतं. एकूण ९ डीबीएम बाहेर पडत होते, नोंदवहीतही ९ च होते. मला वाटलं, लाइन ठीक आहे, दोष कार्डांत असणार. तासभर मी तिकडेच शोधत राहिलो.

खरं तर तो ९ चा आकडा हाच पुरावा होता. ८ चॅनेल, प्रत्येकी ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, तर एकूण ८ मिलिवॅट, म्हणजेच ९ डीबीएम. चॅनेल दुप्पट झाले की एकूण पॉवर ३ डीबीने वाढायला हवी, म्हणजे १२ दिसायला हवे होते. ९ च दिसत होते, याचा अर्थ प्रत्येक चॅनेल उणे ३ वर घसरला होता. स्पेक्ट्रम ॲनालायझर लावल्यावर ते उघड दिसलं: १६ शिखरं, सगळी सारखीच बुटकी.

कारण अगदी सुरुवातीच्या बूस्टरमध्ये, म्हणजे मक्सनंतर लगेच येणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये सापडलं. त्याचं इनपुट उणे ९ वरून उणे ६ झालं होतं, पण आउटपुट ९ वरच अडकलेलं. म्हणजे गेन १८ वरून १५ वर आला होता. बसवताना कुणीतरी तो स्थिर आउटपुटवर ठेवला होता, बाकीचे सगळे स्थिर गेनवर होते. दर टप्प्याला प्रत्येक चॅनेल ३ डीबी कमी ताकदीने पोचत होता आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट तेवढाच राहिला होता. त्यामुळे सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर जवळजवळ ३ डीबीने घटलं. जुन्या कार्डांकडे एवढी गुंजाइश नव्हती.

आम्ही नवे लेझर एकेक करून बंद केले, तसे जुने चॅनेल वर आले. मग बूस्टर १८ डीबीच्या स्थिर गेनवर टाकला आणि नवे चॅनेल पुन्हा घातले. या वेळी एका वेळी एकच. प्रत्येक चॅनेल ॲटेन्युएटरने आधी दाबून ठेवायचा, चालू करायचा, मग हळूहळू शेजाऱ्यांच्या उंचीला आणायचा आणि दर वेळी जुन्या चॅनेलचा एफईसीपूर्वीचा आकडा बघायचा. शेवटचा चॅनेल आला तेव्हा बूस्टरवर १२ डीबीएम दिसले.

ही चूक उलट्या दिशेनेही घडते, आणि मला ती जास्त घातक वाटते. बूस्टर स्थिर आउटपुटवर असताना त्याच्या आधी कुठे तुटलं आणि १६ पैकी एकच चॅनेल उरला, तर तो एकटा सगळी पॉवर घेतो आणि १२ डीबीने उसळतो. एवढ्या पॉवरला फायबरमधले अरैखिक परिणाम सिग्नल बिघडवतात, म्हणजे वाचलेला चॅनेलही हातचा जातो. स्थिर गेन असेल तर तो आपल्या ० डीबीएमवरच राहतो.

स्थिर गेनलाही मर्यादा आहे. ८० चॅनेल प्रत्येकी ० डीबीएमला चालवायचे, तर आउटपुटला १९ डीबीएम लागतात. बूस्टरची कमाल क्षमता १७ असेल, तर साधारण ५० चॅनेलनंतर तो वाढवायचं थांबतो आणि वर सांगितलेली घसरण पुन्हा सुरू होते. म्हणून ग्रिडवर जागा किती शिल्लक आहे हे मोजण्याआधी मी बूस्टरच्या डेटाशीटमधली कमाल आउटपुट पॉवर बघतो.