घरासमोरची गाडी फोटोतून काढताना या चुका टाळा

विक्रीला निघालेल्या अमेरिकी घरांचे फोटो दुरुस्त करताना एक तक्रार सारखी येते: गाडी गेली, पण ती कुठे उभी होती ते अजून दिसतंय. बहुतेक वेळा घाई नडलेली असते. फोटोशॉपमध्ये गाडीभोवती लॅसो फिरवायचा, Content-Aware Fill द्यायचं आणि काम झालं म्हणायचं. हे टूल आजूबाजूच्या पोताचे तुकडे जुळवतं. ड्राइव्हवे गॅरेजकडे जाताना अरुंद होतो आणि काँक्रीटचे आडवे सांधे लांबवर एकमेकांच्या जवळ येतात, हे त्याला कळत नाही. आकाशातली तार काढायला ते छान आहे. ड्राइव्हवेवर त्याच्या भरवशावर राहू नका.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दोन दारांचं गॅरेज, डाव्या दारासमोर एसयूव्ही, तिची डावी चाकं लॉनच्या कडेला टेकलेली, ऊन उजवीकडून.

रेषा न आखता पोत भरणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी लेन्सचा फुगवटा आणि घराच्या तिरक्या भिंती सरळ करून घ्या, नाहीतर पुढची एकही रेषा बसणार नाही. मग वेगळ्या लेयरवर ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांचा दिसणारा भाग पकडून रेषा लांब वाढवा. त्या जिथे मिळतात तो तुमचा लोपबिंदू. रस्त्यालगत ड्राइव्हवे पसरट होतो, तो भाग मात्र धरायचा नाही. तिथल्या कडा समांतर नसतात.

आता गाडीखाली लपलेला सांधा. सांधे सारख्या अंतरावर आहेत ना, हे दिसणाऱ्या भागावरून आधी पाहा. एक पूर्ण दिसणारा चौकोन घ्या आणि त्याचे कर्ण काढा. ते छेदतात तिथून लोपबिंदूकडे रेषा न्या. मग चौकोनाच्या जवळच्या डाव्या कोपऱ्यातून, ही मधली रेषा दूरच्या सांध्याला जिथे छेदते त्या बिंदूमधून एक तिरकी रेषा पुढे काढा. ती उजव्या कडेला जिथे लागते, तिथे पुढचा सांधा येतो. अंदाजाने काढलेला सांधा थोडा जरी सरकला तरी जमीन उतरती वाटते.

यानंतर नवा रिकामा लेयर घेऊन Vanishing Point फिल्टर उघडा आणि याच चौकोनावर जाळी टाका. जाळी लाल किंवा पिवळी झाली तर कोपरे हलवा. निळी झाली तरी ती सांध्यांवरून जाते का, ते पाहाच. आतल्या स्टॅम्पमध्ये कडेजवळ Heal: Off ठेवा, कारण चालू असेल तर गवताचा हिरवा रंग काँक्रीटमध्ये ओढला जातो.

लॉनची कड सुरीने कापल्यासारखी करणं. नवशिक्यांचं काम इथे लगेच ओळखू येतं. काँक्रीटची कड सरळ असते, गवताची नसते. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. खाली काँक्रीट, पेन टूलने सरळ मास्क केलेलं. वर गवत, त्याचा मास्क अगदी लहान ब्रशने, तुटक फटकाऱ्यांनी, काही पाती काँक्रीटवर झुकतील असा. मधे मातीची बारीक काळसर फट असते, ती विसरू नका. जवळ जाड, गॅरेजकडे जाताना केसाएवढी. ती नसेल तर लॉन काँक्रीटवर अंथरलेल्या सतरंजीसारखं दिसतं.

गवताचा नमुना नेहमी फ्रेममधल्या त्याच उंचीवरून, आडवा घ्या. कॅमेऱ्याजवळचं गवत मागे नेलं की पाती मोठी दिसतात आणि नजर तिथेच अडकते. एकाच जागेवरून सलग ओढत गेलात तर तोच पिवळा ठिपका रांगेत उमटतो, म्हणून दर थोड्या फटकाऱ्यांनी नमुना बदला. तयार गवताचे ब्रश वापरू नका. ते त्या लॉनचं गवत नसतं.

सावली शिल्लक ठेवणं. ऊन उजवीकडून, म्हणजे गाडीची सावली डावीकडे लॉनवर पडलेली. सिलेक्शनमध्ये ती पूर्ण घ्या. तिची फिकट किनार Curves ने उजळू नका, निळसर डाग राहतो. तिथेही गवत नव्यानेच भरा. झाडाची सावली गाडीवर चढली असेल तर ती जमिनीवर पुढे न्यावी लागते.

गॅरेजचं दार उलटवून लावणं. झाकलेल्या भागासाठी उजवं दार कॉपी करा, पण Flip Horizontal करू नका. दाराच्या चौकटींतल्या बारीक सावल्या उलट्या पडतात.

खिडक्यांच्या काचांतलं गाडीचं प्रतिबिंबही तपासा.

शेवटी फोटोइतकाच नॉइज भरलेल्या भागावर द्या आणि १०० टक्क्यांवर कडेकडेने फिरून पाहा.

गाडीमागे काय आहे ते दिसतच नसेल, तर फोटोग्राफरकडे दुसऱ्या कोनातला फोटो मागा. तिथे तडा, उतार किंवा मीटर असू शकतो आणि तो आपण झाकायचा नाही. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२६ पासून जाहिरातीतल्या फोटोतली वस्तू काढली असेल तर तसं सांगून मूळ फोटोही उपलब्ध करावा लागतो. त्यामुळे न बदललेली फाइल कामासोबतच परत पाठवा.