मशीनचा निबंध ओळखणाऱ्या निवृत्त बाईंवर कथा लिहिताय? मग या चुका टाळा

कथास्पर्धांना येणाऱ्या कथा वाचायचं काम करत असाल तर हा विषय तुमच्याही ओळखीचा झाला असेल. रिटायर झालेल्या बाई किंवा सर, समोर मुलांच्या निबंधांचा गठ्ठा, एक निबंध वाचताना काहीतरी खटकतं आणि शेवटी कळतं की हे पोराने लिहिलेलंच नाही, मोबाईलमधल्या एआयकडून आलंय. विषयात दम आहे, पण कथा फसतात त्या ठरलेल्या जागीच फसतात, म्हणून एक नमुन्याची कथा धरून सांगतो. तालुक्याचं गाव, नववीच्या मुलांसाठी वाचनालयाने ठेवलेली निबंधस्पर्धा, विषय "माझी आजी", आणि परीक्षक म्हणून मराठीच्या निवृत्त बाई.

पहिली गडबड कथेच्या पहिल्याच पानावर होते, ती म्हणजे गठ्ठा बाईंकडे आला कसा हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. रिटायर बाईंच्या घरी शाळेचे पेपर कशाला येतील? आणि बऱ्याच कथांमध्ये तर तो परीक्षेचा पेपर असतो, म्हणजे वर्गात सुपरवायझर फिरतोय, मोबाईल बाहेर ठेवलेत आणि तरीही पोराने मशीनकडून लिहून घेतलं. वाचक तिथेच सुटतो. आधी पाठ करून आला असेल असं दाखवता येतं, पण मग खुणा वेगळ्या पडतात, कारण पाठ केलेलं विसरतं ते मधूनच विसरतं आणि पुढचा परिच्छेद गडगडतो. त्यापेक्षा वाचनालयाची स्पर्धा सरळ आहे, निबंध घरून लिहून आणायचा आणि शाळेत जमा करायचा.

तारखांचा हिशोबही इथेच करून टाका. आपल्याकडे शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी रिटायर होतात. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. बाई २०१६ मध्ये रिटायर झाल्या असतील आणि कथा २०२४ मध्ये घडत असेल तर बाई ६६ च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे त्यांनी वर्गात असताना ही गोष्ट कधीच बघितलेली नाही. त्यांना सवय आहे गाईडमधून उतरवलेल्या निबंधाची, अपेक्षित प्रश्नसंचाची, क्लासच्या सरांनी डिक्टेट केलेल्या नोट्सची, आणि वडिलांनी ऑफिसच्या भाषेत लिहून दिलेल्या निबंधाची. त्यामुळे त्यांच्या मनात पहिल्या फटक्यात "हे मशीनचं आहे" असं येणारच नाही, त्यांना वाटेल की हे गाईडचं आहे, आणि मग त्या गाईड शोधतील. कथेला खरा वेग इथून मिळतो. त्यांच्या ओळखीचे सगळे संशय एकेक करून गळून पडायला हवेत. गाईडचा निबंध असता तर तीन मुलांचा शब्दन् शब्द सारखा आला असता. इथे तीन निबंध आहेत, शब्द वेगळे आहेत, पण चाल तीच, आधी आजीची व्याख्या, मग तिचे हात, मग तिच्या गोष्टी, मग आजची धावपळीची पिढी आणि शेवटी कृतज्ञता. उतरवलंय असं म्हणावं तर एकही वाक्य जुळत नाही, आणि स्वतःचं म्हणावं तर तिन्ही घरातल्या आज्या एकाच साच्यातून कशा निघाल्या?

म्हणूनच एका निबंधावरून बाईंना कळलं असं लिहू नका. एक निबंध वाचून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. गठ्ठा वाचल्यावर लक्षात येतं, कारण जे खटकतं ते वाक्यात नसतं, ते पुन्हा पुन्हा येण्यात असतं.

आता सगळ्यात मोठी चूक. लेखक लिहितो, "त्या शब्दांत आत्मा नव्हता", "कुठेतरी काहीतरी हरवलं होतं", "बाईंच्या अंगावर काटा आला". अहो पण काय वाचलं बाईंनी? तो निबंध दाखवा ना. तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई आत्मा शोधत बसत नाही, ती लाल पेन घेऊन बसते. निबंधातलं हे वाक्य बघा: "आजी ही केवळ एक व्यक्ती नसून ती संस्कारांचा जिवंत वारसा आहे. तिच्या सुरकुतलेल्या हातांमध्ये अनुभवांची अमूल्य शिदोरी दडलेली आहे." व्याकरणाची चूक नाही, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, आणि तरी बाईंचं पेन थांबतं, का? कारण ही आजी कोणत्या गावची, ती कोणाची आई, वडिलांची की आईची, तिला दिसतं का, ऐकू येतं का, यातलं काहीही नाही. शिदोरी तर पाठीवर किंवा कमरेला बांधायची वस्तू, ती हातांमध्ये दडेल कशी, हेही बाईंना दिसेलच, कारण असल्या चुकांवर त्यांनी आयुष्यभर गोल केलेले आहेत. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका पोराने लिहिलंय, "आज्जी टिव्हीचा आवाज येवढा मोठा करती की शेजारचे पन आमच्या घरातली मालीका बघतात." पाच-सहा चुका आहेत या एका वाक्यात, ण चा न झालाय, वेलांट्या गेल्यात, पण ही म्हातारी खोलीत बसलेली दिसते. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ ठेवली की वाचकाला स्वतःलाच खटकतं, बाईंनी सांगायची गरज उरत नाही.

हाताने लिहिलेला कागद ही तर या कथेतली सोन्याची खाण आहे आणि जवळपास कोणीच ती वापरत नाही. सगळे जण निबंध बाईंकडे टाईप होऊन आल्यासारखा दाखवतात. तालुक्याच्या स्पर्धेत फुलस्केपवर निळ्या पेनने लिहूनच येणार. आणि खोडण्याच्या दोन जाती असतात हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला माहीत असतं. स्वतः विचार करून लिहिणारं पोर शब्द खोडतं आणि त्याच्या जागी दुसरा शब्द घालतं, "ती रागवते" खोडून "ती ओरडते" करतं, किंवा अर्धं वाक्य लिहून सोडून देतं. बघून उतरवणारं पोर मात्र ओळ चुकतं. एकाच परिच्छेदात दोनदा "अमूल्य" आला की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, मधली ओळ गळते, दोन शब्द लिहिल्यावर लक्षात येतं, मग ते दोन शब्द खोडून गळलेली ओळ लिहायला घेतं आणि नंतर तेच खोडलेले दोन शब्द जसेच्या तसे पुन्हा येतात. म्हणजे खोडलं पण बदललं काहीच नाही. तुमच्या बाईंना ही खूण सापडू द्या. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती खूण उतरवल्याची आहे, मशीनची नाही. स्वतःचा कच्चा निबंध पक्का करताना पण पोरं अशाच ओळी गाळतात. बाईंना हे माहीत असणार आणि म्हणूनच त्या अडकणार.

तिसरी चूक ही या अडकण्यालाच घाबरणं. बहुतेक कथांमध्ये बाईंचा संशय शंभर टक्के खरा निघतो, मग भाचा लॅपटॉपवर निबंध टाकतो आणि स्क्रीनवर "९७ टक्के एआय" येतं, संपली कथा. तुम्ही पुरावा म्हणून जे आणताय तेच कच्चं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं टूल काढलं होतं, त्यांच्याच चाचणीत ते मशीनच्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारत होतं, शेवटी त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेचे निबंध अशा सात टूल्सना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरले, आणि ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. कारण साधं आहे, शब्दसंग्रह मर्यादित असला, वाक्यं ठरावीक असली की टूलला ते मशीनसारखं वाटतं. आता नववीतलं पोर प्रमाण मराठीत निबंध लिहितं तेव्हा ती भाषा त्याच्या घरची असतेच असं नाही, ते पण ठरावीक वाक्यांवरच चालतं. तेव्हा तो स्क्रीनवरचा टक्का कथेत आणायचाच असेल तर चुकू द्या, नाहीतर भाच्याला घरीच राहू द्या.

आणि इथे माझं स्वतःचं मत सांगतो, पटलं तर घ्या. या कथेतली खरी गोची मशीन नाहीच. "केवळ अमुक नसून तमुक आहे" हे वाक्य मशीनच्या आधीपासून आपल्या फळ्यावर आहे. बाईंनीच ते शिकवलंय, सुरुवात व्याख्येने करा, मध्ये एक सुविचार घाला, शेवट कृतज्ञतेने करा, आणि असं लिहिणाऱ्या मुलीचा निबंध वर्गात वाचून दाखवलाय, टिव्हीवाल्या आज्जीला मात्र शुद्धलेखनाचे मार्क कापून खाली बसवलंय. मग तीन संशयित निबंधांपैकी एक खरंच मुलीने स्वतः लिहिलेला असेल तर? वक्तृत्वस्पर्धांना जाणारी, पेपरातले अग्रलेख वाचणारी मुलगी अगदी अशीच लिहिते. बाईंच्या कानाला त्या तिघांत फरक कळत नाही, ही जागा मिळाली की कथेत बाईंचं काहीतरी पणाला लागतं, तोपर्यंत ती नुसती चोर पकडण्याची गोष्ट असते.

चौथी चूक उलटतपासणीची. पोराला घरी बोलावलं, बाईंनी चष्म्यावरून बघितलं, पोरगं रडलं, "बाई मला माफ करा". हे नाटक कापून टाका. परीक्षकाला मुलांची नावंसुद्धा बऱ्याच ठिकाणी दिसत नाहीत, निबंधावर नुसता क्रमांक असतो. भेट घडवायचीच असेल तर बक्षीस समारंभात घडवा, आणि बाईंना आरोप करू देऊ नका, साधं विचारू द्या, "आजी काय म्हणते गं?" ज्या मुलीने स्वतः लिहिलंय ती पण अशा वेळी लाजून "बरी आहे" एवढंच म्हणेल, आणि ज्या पोराने मशीनकडून लिहून घेतलं तो आजीबद्दल धडाधड दहा मिनिटं बोलेल, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तिचे डबे, तिची शिवी. निबंधात त्याने हे का नाही लिहिलं? कारण आजीवरच्या निबंधात शिवी चालत नाही हे त्याला कोणीतरी पक्कं शिकवलेलं असतं. यावर बाईंना लगेच भाषण देऊ नका.

शेवट जमत नसेल तर परत स्पर्धेच्या पत्रकाकडे जा, कथेच्या सुरुवातीला ते छापून टाका. अशा पत्रकात काय असतं? शब्दमर्यादा ३००, निबंध स्वहस्ताक्षरात असावा, कागदाच्या एकाच बाजूला लिहावा, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. मशीनबद्दल एक अक्षर नाही. तिन्ही मुलांनी सगळे नियम पाळलेत, हस्ताक्षर पण त्यांचंच आहे. आता बाईंना गुणपत्रकावर तीन आकडे लिहायचेत, वाचनालयाचा माणूस संध्याकाळी न्यायला येणार आहे, आणि टिव्हीवाल्या पोराचा निबंध ३००च्या वर गेल्यामुळे नियमाप्रमाणे बाद होतोय. बाई कोणता आकडा लिहितात ते तुम्ही ठरवा, पण त्यांना आकडा लिहायला लावा, खिडकीबाहेर बघायला लावू नका.