इलेक्ट्रिक गाडी चालवताय? घाटात, गल्लीत आणि चार्जरवर या चुका टाळा

मी ड्रायव्हिंग शिकवतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांत असे लोक खूप वाढलेत ज्यांना गाडी येते, पेट्रोल-डिझेलवर दहा-पंधरा वर्षं हात बसलाय, आणि आता घरात इलेक्ट्रिक आलीय म्हणून "जरा दोन दिवस बसा ना सोबत" म्हणतात. बसतो. आणि दरवेळी त्याच चुका बघतो. थिअरीचा तास म्हटलं की यांना कंटाळा येतो, पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून झालेला असतो, त्यामुळे आता लिहूनच ठेवतोय.

सगळ्यात मोठी चूक पहिली घेतो कारण तिच्यात जीव जाऊ शकतो. घाट उतरायच्या आधी बॅटरी १०० टक्के भरून निघणं.

माझ्या आतेभावाने नवीन गाडी घेतली, चाळीस युनिटची बॅटरी. आम्ही चौघं पाचगणीला मुक्कामाला होतो. हॉटेलवाल्याने चार्जिंगचा पॉइंट दिला म्हणून याने रात्रभर लावून ठेवली, सकाळी १०० टक्के, भाऊ खूश. पसरणी घाटाने वाईला उतरायला लागलो. आदल्या दिवसापर्यंत त्याला सवय काय लागलेली, की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप हळू होते. ही ओढ म्हणजे रिजन, ते याने फुल्ल ठेवलेलं, ब्रेकला पाय लावायचीच गरज नाही असं तो सगळ्यांना सांगत होता. पहिलं मोठं वळण आलं, याने नेहमीसारखा पाय उचलला आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी उताराला लागून पळायला लागली. त्याचा चेहरा पांढरा पडला. "दादा, ब्रेक गेला!" म्हणून ओरडला आणि पाय मात्र हवेतच. मी म्हणालो, "ब्रेक आहे, ब्रेक दाब, जोरात दाब." त्याने दाबला, गाडी आली ताब्यात, पण वळणाच्या कठड्यापासून हातभर अंतर राहिलं होतं आणि मागे माझी आत्या देवाचं नाव घेत होती.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या. पाय काढल्यावर गाडी हळू होते कारण मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि चाकांच्या फिरण्यातून वीज काढून बॅटरीत भरते. ती वीज ठेवायला बॅटरीत जागा पाहिजे. बॅटरी आधीच काठोकाठ भरली असेल तर गाडीचा कंट्रोलर ती वीज घेतच नाही, म्हणजे रिजन जवळपास बंद. काही गाड्यांत स्क्रीनवर तसा मेसेज येतो, काहींत पॉवर मीटरची सुई हिरव्या भागात जातच नाही एवढीच खूण असते, आणि वळणावर तिकडे कोण बघतं. डिझेल गाडीत निदान दुसरा गिअर टाकून इंजिन धरून ठेवतं. आपल्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर, त्यामुळे रिजन गेलं की तुमच्याकडे फक्त चाकांचे साधे ब्रेक उरतात आणि पूर्ण घाट त्यांच्यावर.

मग भाऊ घाबरून ब्रेकवर हलका पाय ठेवूनच उतरायला लागला, ती दुसरी चूक. पाच-सहा किलोमीटरनंतर जळका वास यायला लागला. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, वीस मिनिटं थांबलो, चाकांवर पाणी टाकायचं तो म्हणत होता ते टाकू दिलं नाही, कारण तापलेली डिस्क गार पाण्याने वाकडी होऊ शकते. पुढे त्याला एकच सांगितलं: वळणाच्या आधी ब्रेक ठाम दाबून वेग पंचवीसवर आण, मग पाय पूर्ण सोड, परत वेग वाढला की परत ठाम दाब. सतत घासत राहायचं नाही, मधे ब्रेकला गार व्हायला वेळ द्यायचा.

आता जागा किती ठेवायची याचा हिशोब मी त्याला वाईत चहा पिताना करून दाखवला, तोच इथे देतो. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून साधारण १,९०० किलो. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण पावणेसहाशे मीटर. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती जेमतेम ३ युनिट. त्यातलं पाऊण-एक युनिट टायर आणि वारा खातात, उरलेल्यात मोटर आणि बॅटरी आपला वाटा घेतात, शेवटी बॅटरीत पोचतं पावणेदोन-दोन युनिट. चाळीसच्या बॅटरीत हे झाले ५ टक्के. म्हणजे ९० टक्क्यांवर निघाला असता तर पूर्ण घाट रिजनवर आरामात उतरला असता आणि वाईत ९५ दिसले असते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार असाल तर उतार दुपटीहून जास्त आहे, तिथे मी ८५ च्या वर भरून निघत नाही. आणि हाच हिशोब उलटा बघा, वर चढताना तेवढ्याच अंतराला साडेचार-पाच युनिट गेलेले असतात. "उतरताना सगळं परत मिळतं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझी सवय सांगतो. घाटमाथ्यावरून निघताना पहिल्या सपाट पन्नास मीटरमध्येच पाय काढून बघायचं, गाडी नेहमीसारखी ओढली जातेय का. नसेल तर आजचा घाट ब्रेकवर आहे हे आधीच डोक्यात पक्कं होतं, वळणावर कळत नाही. आणि ब्रेकचा पाय विसरायचाच नाही, रोज दोन-चार वेळा मुद्दाम ब्रेकने थांबायचं. त्याचा दुसरा फायदा असा की पावसाळ्यात, कोकणात तर जास्तच, न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो, तो घासून जातो.

उतारावर न्यूट्रल टाकू नका. पेट्रोल वाचवायची जुनी खोड आहे ती, इलेक्ट्रिकमध्ये न्यूट्रल म्हणजे रिजन शून्य, वाचत काहीच नाही.

मागच्याचा विचार पण करा. रिजनने गाडी हळू होते तेव्हा मागचे ब्रेक लाइट लागतीलच असं नाही. जोरात ओढलं तर लागतात, हलक्या ओढीला बऱ्याच गाड्यांत लागत नाहीत, आणि कुठल्या ओढीला लागतात ते प्रत्येक गाडीत वेगळं. मागचा ट्रकवाला तुमच्या लाल दिव्यावर गाडी चालवतो. रात्री मोकळ्या रस्त्यावर मागे ओळखीच्या माणसाला गाडी घेऊन यायला सांगा, रिजनची प्रत्येक लेव्हल लावून पाय काढा आणि दिवा कधी लागला ते त्याला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, माझ्याकडच्या शंभरातल्या नव्वदांनी केलेलं नसतं. दिवा लागत नसेल तिथे ब्रेकला नुसता पाय टेकवा, तेवढ्याने लागतो.

आता आवाज. इलेक्ट्रिक गाडी वीसच्या खाली जवळपास ऐकूच येत नाही, त्याच्यावर टायरचा आवाज सुरू होतो. म्हणून तर युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला वीसच्या आत आणि रिव्हर्सला बाहेर ऐकू जाईल असा आवाज सोडणं सक्तीचं आहे. आपल्याकडे काही गाड्यांत तो आवाज आहे, काहींत नाही, आणि ज्यांच्यात बटणाने बंद करता येतो त्यांच्यातले कितीतरी लोक "कटकट होते" म्हणून बंद करून ठेवतात. कृपा करून करू नका.

मंडईजवळच्या गल्लीत एक बाई हातगाडीवर मेथीची जुडी निवडत होती, पाठ आमच्याकडे. शिकणारा मुलगा आठच्या वेगाने अगदी तिच्या मागे तीन फुटांवर गेला, तिला पत्ताच नाही, आणि तिथून त्याने हॉर्न मारला. ती दचकून मागे सरकली, सरळ बंपरवर. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून नुसती पिशवी पडली. दचकलेला माणूस बाजूला होत नाही, कुठेही पाऊल टाकतो. म्हणून जवळ जाऊन हॉर्न हा उपायच नाही. गाडीभर अंतर मागे थांबायचं, काच खाली करायची आणि माणसासारखं म्हणायचं, "मावशी, गाडी येतेय." न ऐकू येणाऱ्या आजोबांना आणि पांढरी काठी घेतलेल्या माणसाला तर पूर्ण जाऊ द्यायचं, कारण काठीवाला रस्ता कानाने ओलांडतो आणि तुमची गाडी त्याच्यासाठी तिथे नाहीच.

सोसायटीत गाडीखाली कुत्री झोपतात. इंजिनच्या आवाजाने ती उठायची, आता उठत नाहीत. निघायच्या आधी वाकून बघा, बॉनेटवर दोन थापा मारा.

उतरताना गाडी पी मध्ये टाका आणि स्क्रीनवरचा रेडी गेलाय हे बघा. आवाज नसल्यामुळे चालू गाडी बंद वाटते, आणि लहान मूल मागे बसलेलं असतं.

चार्जिंग. घरी एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका, आणि अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या.

हायवेवरच्या फास्ट चार्जरवर मात्र लोकांचं वागणं बघून जीव तुटतो. शनिवारी सकाळी फूड मॉलवर दोन गनचा एकच चार्जर, एका गनवर ९१ टक्के झालेली गाडी, मालक वर मिसळ खातोय, खाली दोन गाड्या थांबलेल्या आणि त्यातल्या एकात ९ टक्के. फास्ट चार्जर ८० पर्यंतच फास्ट असतो, त्याच्यापुढे बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करत जाते. दहापासून ऐंशीला जो तास लागला, जवळपास तेवढाच शेवटच्या वीसला लागू शकतो. शिवाय बऱ्याच चार्जरवर दोन गनमध्ये पॉवर वाटली जाते, म्हणजे तुम्ही निघालात की शेजारच्याचाही वेग वाढू शकतो. रांग असेल तर ८० ला काढायची, पुढचा टप्पा खरंच लांब असेल तर रांगेतल्या माणसाला तसं सांगायचं. मी डॅशबोर्डवर काचेतून दिसेल अशी चिठ्ठी ठेवतो, फोन नंबर आणि किती टक्क्यांना काढणार ते. दुसऱ्याची गन न विचारता ओढायला जाऊ नका, चार्जिंग चालू असताना ती गाडीत लॉक असते, नुसती ओढाताण होते.

आणि चार्जिंग थांबवायला लाल इमर्जन्सी बटण दाबणारे! ॲपमध्ये थांबवा, मग किल्लीने गाडी अनलॉक करा, गन सुटते. लाल बटण दाबलं की बऱ्याच मशीनमध्ये शेजारच्याचं पण चार्जिंग जातं आणि कुणीतरी ते बटण फिरवून वर काढून मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत चार्जर बंद पडून राहतो. गेल्या पावसाळ्यात असाच बंद चार्जर मला मिळाला, नुसतं बटण दाबलेलं होतं, आणि गन खाली चिखलात. तोंडातल्या पिनांत माती गेलेली. ती गन मी गाडीला लावली नाही, पुढच्या चार्जरपर्यंत एसी बंद करून साठच्या वेगाने गेलो. केबल जड असते हे मान्य, पण दोन्ही हातांनी उचला, गुंडाळा आणि गन तिच्या खोबणीत तोंड आत करून अडकवा.